‘बिबे’चे ‘बटाटे’ कसे होतात: जुनं हस्ताक्षर मॉडेलकडून वाचून घेताना तपासणी कशी करावी

आजीच्या हिशोबाच्या वहीतलं एक पान माझ्यासमोर आहे. बुधवारचा बाजार, साल १९५३. शाई तपकिरी झालेली, एका कोपऱ्यात पाण्याचा डाग. या पानाचा फोटो काढून मी एका भाषा मॉडेलला दिला आणि मजकूर उतरवून मागितला. काही सेकंदांत स्वच्छ यादी हातात आली: तांदूळ, तूरडाळ, गूळ, घासलेट, बटाटे. वाचून समाधान वाटलं, कारण बाजाराची यादी अशीच असते. पण आजीनं त्या दिवशी बटाटे आणलेच नव्हते. तिनं बिबे आणले होते. पुढं तारीख, एक माप आणि एक रक्कमही चुकलेली सापडली, आणि यातली एकही चूक वाचताना अजिबात खटकणारी नव्हती.

घरातली पत्रं, वह्या, जुन्या नोंदी मॉडेलकडून उतरवून घ्यायला जे नव्यानं सुरुवात करत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. याच एका पानावर सगळी तपासणी दाखवतो.

आधी हे का होतं ते

जुनी ओसीआर सॉफ्टवेअरं अक्षराचा आकार ओळखायचा प्रयत्न करत. आकार कळला नाही की ‘बटिंब्र’सारखं काहीतरी विचित्र छापून मोकळी होत. चूक कुरूप असे, त्यामुळे लगेच दिसे. भाषा मॉडेलचं काम वेगळ्या रीतीनं चालतं. ते चित्राचे लहान लहान तुकडे करतं, त्यांचं आकड्यांमध्ये रूपांतर करतं, आणि मग मजकूर तुकड्या-तुकड्यानं लिहीत जातं. पुढचा तुकडा कोणता, हे ठरवताना दोन गोष्टी एकत्र काम करतात: कागदावर काय दिसतं, आणि आतापर्यंत लिहिलेल्या मजकुरानंतर सहसा काय येतं. शाई ठळक असेल तर पहिली गोष्ट वरचढ ठरते. शाई पुसट असेल, डाग पडलेला असेल, अक्षर एकमेकांत गुंतलेलं असेल, तर दुसरी गोष्ट हळूच पुढं येते आणि रिकामी जागा भरून टाकते. तांदूळ, डाळ, गूळ यांच्यानंतर ‘ब’नं सुरू होणारा आणि ‘ए’कारात संपणारा छोटा शब्द कोणता, तर बटाटे. मॉडेलनं लाखो याद्यांमध्ये पाहिलेली सवय तिथं बोलली.

मग ते ‘वाचता येत नाही’ असं का लिहीत नाही? कारण शिकताना त्यानं पाहिलेला मजकूर बहुतेक पूर्णच असतो. ‘इथे दोन अक्षरं लागत नाहीत’ अशी प्रामाणिक नोंद फार कमी ठिकाणी असते. शिवाय मॉडेलं पारखताना रिकाम्या जागेला शून्य आणि लागलेल्या अंदाजाला गुण, अशी पद्धत बऱ्याचदा असते. परीक्षेत एकही प्रश्न कोरा न सोडणारा विद्यार्थी असाच तयार होतो.

मराठीच्या बाबतीत दोन गोष्टींची भर पडते. हस्तलिखित मराठीचा साठा छापील मराठीपेक्षा अगदी थोडा आहे, आणि देवनागरी म्हटलं की हिंदीचा साठा प्रचंड आहे. म्हणून पुसट ‘नाहीं’चं ‘नहीं’ होतं आणि ‘आणि’च्या जागी कधी ‘और’ही येऊन बसतं. दुसरं म्हणजे आपल्या हस्ताक्षरातल्या जोड्या: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष, थ आणि य, ख आणि रव. टाक किंवा बोरूनं भरभर लिहिताना गाठ सुटली, शिरोरेघ तुटली, की या जोड्यांतला फरक एखाद्या केसाएवढा उरतो. माणूसही तिथं चुकतो. पण माणूस अडखळतो, भिंग घेतो, शेजाऱ्याला विचारतो. मॉडेलच्या उत्तरात त्या अडखळण्याचा मागमूस राहत नाही. जे लख्ख दिसलं आणि जे अंदाजानं भरलं, ते एकाच सुबक टंकात शेजारी शेजारी उभं असतं.

हा दोष नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तेव्हा संपादकांसमोर हाच प्रश्न होता. पोथी उतरवणारा लेखनिक अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द लिहून जातो. म्हणून पाठचिकित्सेत एक नियम पाळतात: दोन पाठ समोर असतील आणि दोन्ही अर्थपूर्ण असतील, तर अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव जास्त. सोप्याचं अवघड सहसा कोणी करत नाही, अवघडाचं सोपं मात्र अनेकजण करतात. मॉडेल हा तसाच लेखनिक आहे, फक्त अतिशय वेगवान. ‘बिबे’ आणि ‘बटाटे’ यांच्यात शंका आली तर माझा कल आधी ‘बिबे’कडे जातो तो यामुळे.

फोटो आणि सूचना

तपासणी पुढं जड जाऊ नये म्हणून सुरुवातीलाच थोडं काम करा. पान सपाट ठेवून रंगीत स्कॅन घ्या, ३०० डीपीआय किंवा त्याहून जास्त. काळं-पांढरं करू नका, कारण तपकिरी शाई आणि पिवळट डाग यांतला फरक रंगातच असतो. मग पूर्ण पान एकदम न देता चार-पाच ओळींचे तुकडे कापून द्या. मोठं चित्र अनेक मॉडेलं आत घेताना लहान करतात, आणि लहान होताना पहिल्यांदा जातात ती अनुस्वाराची टिंबं, रफार आणि उकाराची शेपटी. म्हणजे मराठीत अर्थ बदलणारे नेमके तेच बारकावे.

सूचना मी अशी देतो:

```
चित्रातला मजकूर जसाच्या तसा उतरव.
ओळी कागदावर आहेत तशाच तोड.
जुनं शुद्धलेखन, संक्षेप, बोलीतले शब्द बदलू नकोस.
न लागलेल्या जागी [अस्पष्ट] लिही, शंका असेल तिथे शब्दापुढे [?].
बेरीज किंवा तारीख दुरुस्त करू नकोस.
```

अशा सूचनेनं [?] च्या खुणा वाढतात आणि थोडा फायदा नक्की होतो. पण खूण नाही म्हणजे शब्द खात्रीचा, असं समजू नका. माझ्या पानावर ‘बटाटे’पुढे कोणतीही खूण नव्हती. खूण होती ती ‘घासलेट’पुढे, आणि तो शब्द बरोबर होता.

पहिली पायरी: मजकूर न बघता कागद बघा

ही पायरी नवीन माणसं सर्वात जास्त टाळतात आणि तीच सर्वात महत्त्वाची आहे. ‘बटाटे’ हा शब्द एकदा वाचला की त्या डागाकडे पाहिल्यावर तुम्हालाही बटाटेच दिसू लागतात. डोळा फसतो असं नव्हे, डोळ्याला आधीच उत्तर सांगितलेलं असतं. मी स्वतः पहिल्या वर्षी मजकूर डावीकडे आणि चित्र उजवीकडे ठेवून तपासायचो आणि पानामागून पान ‘बरोबर’ म्हणून सोडून द्यायचो. पुढं एका जाणत्या मोडीवाचकानं ते पाहिलं आणि म्हणाले, “अहो, तुम्ही वाचत नाही, नुसती मान डोलावताय.” त्या दिवसापासून क्रम उलटा केला.

आता करतो ते असं. मॉडेलचा मजकूर झाकून ठेवतो. कागदाचा फोटो मोठा करून सरळ वाचत जातो आणि जिथं अडखळतो तिथं पेन्सिलीनं प्रतीवर गोल करतो. पान पूर्ण वाचून काढायचं नसतं, फक्त अडखळण्याच्या जागा टिपायच्या. आजीच्या पानावर पाच गोल झाले: तारखेचा आकडा, ‘गूळ’नंतरचं माप, पाचव्या ओळीतला शब्द, त्याच ओळीतली रक्कम आणि समासातली एक नोंद. मगच मॉडेलचा मजकूर उघडायचा. जिथं माणूस अडखळला आणि मॉडेल अडखळलं नाही, ती जागा संशयाची. तपासणीचा बहुतेक वेळ त्या पाच गोलांवर घालवायचा.

सोबत एक साधी मोजणी करून टाका. कागदावर ओळी किती, मजकुरात किती? लागोपाठच्या दोन ओळी सारख्याच शब्दानं सुरू होत असतील तर मधली ओळ गळून पडते, आणि उरलेला मजकूर इतका सलग वाटतो की वाचून ते कळत नाही.

दुसरी पायरी: शब्दाचा सांगाडा

देवनागरीनं आपल्याला एक सोय दिली आहे. अक्षर लागलं नाही तरी त्याच्या वर, खाली आणि बाजूला काय आहे हे बरेचदा दिसतं. काना किती, वेलांटी कुठं, मात्रा कोणत्या अक्षरावर, खाली उकार आहे का, टिंब आहे का. हा सांगाडा कागदावरून लिहून काढा आणि मॉडेलच्या शब्दाशी ताडून पाहा.

पाचव्या ओळीतल्या शब्दाचा सांगाडा असा निघाला: सुरुवातीला वेलांटीचा उभा दांडा आणि वर वळण, मग एक अक्षर, मग आणखी एक अक्षर आणि त्यावर मात्रा. मधे काना नाही. ‘बटाटे’मध्ये तीन अक्षरं, एक काना, वेलांटी नाही. सांगाडा जुळतच नव्हता. मॉडेलनं वेलांटीचा दांडा पहिल्या अक्षरात गिळला आणि मधल्या डागाला काना समजून घेतला असावा. ‘बिबे’ मात्र नेमकं बसतं: वेलांटी, दोन अक्षरं, शेवटी मात्रा. त्या काळी घरात बिबे असतच, पायाला भेग पडली की बिब्याचं तेल लावत.

सांगाडा जुळला म्हणून शब्द सिद्ध झाला असं नाही. ‘विवे’, ‘बिवे’ यांचाही सांगाडा तोच. पण सांगाडा जुळला नाही तर मॉडेलचा शब्द नक्की बाद होतो, आणि चूक पकडायला तेवढं पुरतं.

तिसरी पायरी: शब्द झाकून बघा

ही चाचणी मला सर्वात जास्त उपयोगी पडली आहे. ज्या शब्दाचा संशय आहे त्यावर फोटोतच पांढरा चौकोन ओढा, शब्द पूर्ण झाकला जाईल असा. मग तीच ओळ, आजूबाजूच्या ओळींसकट, मॉडेलला पुन्हा द्या. नवीन संवाद उघडून द्या. जुन्याच संवादात दिलंत तर ते आपलंच आधीचं उत्तर धरून बसतं आणि चाचणी वाया जाते.

मी पाचव्या ओळीतला शब्द झाकून तीनदा विचारलं. एकदा रिकामी जागा आली, दोनदा ‘बटाटे’ आलं. कागदावर पांढऱ्या चौकोनाशिवाय काहीच नव्हतं, तरी बटाटे. म्हणजे तो शब्द शाईतून नाही, यादीच्या ओघातून आला होता. याउलट ‘घासलेट’ झाकल्यावर तिन्ही वेळा वेगवेगळं आलं, आणि उघडं ठेवल्यावर प्रत्येक वेळी घासलेटच. तिथं शाई काम करत होती.

याचीच दुसरी बाजू म्हणजे फक्त तो शब्द कापून एकटा देणं. आजूबाजूची यादी काढून घेतली की ओघाचा आधार जातो. एकट्या तुकड्यावर मॉडेलनं ‘बिवे’ लिहिलं. चूकच, पण शाईच्या फार जवळची चूक. दोन उत्तरं अशी फाकली की समजावं: इथं मॉडेलला दिसत कमी आहे आणि आठवत जास्त आहे.

दोन वेगळी मॉडेलं वापरून तुलना करणंही चांगलं. जिथं ती वेगळं वाचतात तिथं गोल करायचा. मात्र दोघांचं एकमत झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. दोघंही साधारण सारख्याच मजकुरावर शिकलेली असतात, त्यामुळे सवयीही सारख्याच असतात, आणि दोघांनाही बटाटेच आठवू शकतात. ‘नक्की ना?’ असं मॉडेलला विचारणं तर निरुपयोगी आहे. ते कधी शब्द बदलतं, कधी ठाम राहतं, आणि दोन्हींचा कागदाशी संबंध असेलच असं नाही. किती टक्के खात्री आहे असं विचारून मिळालेल्या आकड्याचीही तीच गत.

चौथी पायरी: त्याच हातानं दुसरीकडे काय लिहिलंय

मॉडेल सरासरी हस्ताक्षर ओळखतं. तुम्हाला आजीचं हस्ताक्षर ओळखायचं आहे. त्यासाठी एक अक्षरतक्ता करा. वहीतले जे शब्द निःशंक लागतात, त्यांतून एकेक अक्षर कापून एका कागदावर चिकटवा: हा तिचा भ, हा तिचा म, हा घ, हा ध. दोन-तीन पानांत कामापुरता तक्ता होतो, आणि आकड्यांचा तक्ता विसरू नका.

माझ्या पानावर आकड्यांच्या तक्त्यानंच गाठ सोडवली. मॉडेलनं तारीख ‘बुधवार, १९ मार्च १९५३’ अशी उतरवली होती. दिनदर्शिका पाहिली: १९ मार्च १९५३ ला गुरुवार होता. बुधवार होता ११ मार्चला. वार लिहिताना आजी चुकली का? असं होऊ शकतं, पण त्याआधी आकडा तपासावा. सुदैवानं १९५३ या सालातच तिचा १ आणि ९ शेजारी शेजारी होते. तिच्या १ ची शेपटी सरळ खाली उतरते, ९ च्या शेपटीला शेवटी छोटा आकडा असतो. तारखेतल्या दुसऱ्या आकड्याला तो वळलेला शेवट नव्हता. ती ११ तारीख होती, वार बरोबर होता.

पाचवी पायरी: कागदाबाहेरचा साक्षीदार

हिशोबाचं पान पत्रापेक्षा तपासायला सोपं, कारण बेरीज खोटं बोलत नाही. पण बेरजेचा आकडा आधी स्वतःच्या डोळ्यांनी कागदावरून वाचा. काही वेळा मॉडेल चुकलेल्या रकमांना जुळेल असा बेरजेचा आकडाच लिहून मोकळं होतं, आणि मग साक्षीदारच फितूर होतो.

आजीच्या पानावर रकमा रुपये-आणे-पै अशा आहेत. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. मॉडेलनं दिलेल्या रकमा अशा होत्या: तांदूळ एक पायली २-८-०, तूरडाळ ०-१०-०, गूळ ०-७-६, घासलेट ०-४-६ आणि ‘बटाटे’ ०-९-०. पहिल्या दोन मिळून ३-२-०. त्यात गूळ घातला की ३-९-६. त्यात घासलेट मिळवलं की सहा आणि सहा पै मिळून एक आणा होतो, म्हणजे ३-१४-०. त्यावर नऊ आणे घातले तर ४-७-० होतात. पण पानाच्या तळाला आजीनं ३-१५-० लिहिलंय. फरक आठ आण्यांचा. नऊमधून आठ गेले, उरला एक. तक्त्याशी ताडून पाहिलं, तर इथंही शेपटी सरळ. रक्कम ०-१-० होती, आणि एका आण्याचे बिबे ही गोष्ट नऊ आण्यांच्या बिब्यांपेक्षा कितीतरी पटण्यासारखी आहे.

इथं थोडं थांबून एक पाहण्यासारखं आहे. तूरडाळीच्या १० आण्यांतला आणि बेरजेतल्या १५ आण्यांतला १ मॉडेलनं बरोबर वाचला. लिखावट तीच, शेपटी तीच. फरक एवढाच की ९० आणे किंवा ९५ आणे असं कोणी लिहीत नाही. म्हणजे जिथं सवय बरोबर दिशेला नेत होती तिथं उत्तर बरोबर आलं, आणि जिथं दोन्ही आकडे शक्य होते तिथं चुकलं. बाकीचं पान अचूक आहे म्हणून ही ओळही अचूक असेल, हा तर्क त्यामुळे लंगडा पडतो.

हिशोबाच्या जुन्या वह्यांत आणखी एक सापळा आहे. पाव, अर्धा, पाऊण दाखवायला उभ्या रेघा वापरत: ३॥ म्हणजे साडेतीन. मॉडेल त्या रेघांना ओवीच्या शेवटचा दंड समजून गाळतं, आणि साडेतीनाचे तीन होतात. तिथंही बेरीजच वाचवते.

पत्रांना बेरीज नसते. तिथं साक्षीदार दुसरे: वार आणि तिथी, गावांची नावं, पाकिटावरचा टपालाचा शिक्का, नात्यांची मांडणी. गावाचं नाव कधीही केवळ मजकुरावरून मान्य करू नका. पुसट लहान गावाचं मोठं प्रसिद्ध गाव होणं ही मॉडेलची फार आवडती चूक आहे. तालुक्याच्या गावांची यादी समोर घ्या आणि सांगाडा कुठल्या नावाशी जुळतो ते बघा.

मजकूर फार नीटनेटका असेल तर सावध व्हा

चित्र न पाहता, नुसता मजकूर वाचूनही काही खुणा दिसतात. जुन्या मराठी पत्रांत ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘कांहीं’, ‘त्यांनीं’ असे अनुस्वार भरपूर असतात. आज आपण पाळतो ते नियम १९६२ नंतर रुळले. १९५३ च्या पत्राच्या उताऱ्यात सगळीकडे ‘नाही’, ‘घरात’, ‘काही’ असेल, तर दोनच शक्यता: लिहिणाऱ्यानं अनुस्वार दिले नसतील, किंवा मॉडेल कागदाऐवजी स्वतःच्या सवयीनं लिहीत आहे. एक ओळ मोठी करून पाहिली की लगेच निकाल लागतो. अनुस्वार गेल्यानं अर्थ फारसा बिघडत नाही हे खरं, पण जे टिंब गाळतं ते शब्दही बदलत असणार, म्हणून ही खूण मी गंभीरपणे घेतो.

काळाशी न जुळणारा शब्द हीही तशीच खूण. १९५३ च्या वहीत ‘किलो’ आला तर थांबा. मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, आणि नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. माझ्या पानावर ‘गूळ १ शे.’ असं आहे. शेराचा हा संक्षेप मॉडेलनं ‘किलो’ करून टाकला होता. पेन्सिलीचा दुसरा गोल होता तो हाच.

संक्षेपांकडे तर मुद्दाम बघा. ‘ति.’, ‘चि.’, ‘गं. भा.’, ‘सा. न. वि. वि.’ यांतलं काही उलगडून लिहिलेलं असेल तर ते मॉडेलनं आपल्या मनानं घातलंय. आणि बोली. मालवणी घरातल्या पत्रात ‘इलो’ असेल आणि उताऱ्यात ‘आला’ असेल, तर लिहिणाऱ्याचा आवाजच पुसला गेला. ‘इलो’ अवघड पाठ आहे, ‘आला’ सोपा.

मोडीची कागदपत्रं असतील तर हे सगळं दुप्पट सावधपणे करा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहीत नाहीत आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे शब्द कुठं तोडायचा हेही मॉडेलच ठरवतं. मोडी न येणाऱ्यानं तो उतारा तपासू नये. ज्यांना वाचता येते त्यांच्याकडूनच तपासून घ्यावा.

नोंद कशी ठेवावी

तपासून झालेल्या मजकुरात कोणता शब्द कशावर उभा आहे हे पुढच्या वाचकाला दिसलं पाहिजे. मी तीन खुणा वापरतो. निःशंक शब्द साधा. पुराव्यानं ठरवलेला पण पूर्ण न दिसणारा शब्द चौकोनी कंसात प्रश्नचिन्हासह, आणि खाली कारण एका ओळीत. न लागलेला शब्द कंसात, त्याच्या सांगाड्यासह. मॉडेलचा मूळ उताराही न पुसता वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, तारखेसकट आणि कोणतं मॉडेल होतं त्या नोंदीसकट, म्हणजे पुढं कोणाला शंका आली तर चूक कुठं शिरली ते शोधता येतं.

त्या पानाचा उतारा आज माझ्याकडे असा आहे. तारीख ११, कारण वार आणि आकड्याचा तक्ता. गुळापुढं शेर, कागदावर ‘शे.’ स्पष्ट. पाचव्या ओळीत [बिबे ?], कारण सांगाडा आणि झाकणीची चाचणी. रक्कम ०-१-०, कारण बेरीज. पाचवा गोल राहिला तो समासातल्या नोंदीचा. मॉडेलनं तिथं ‘नंतर देणे’ असं लिहिलं आहे, वहीत शोभण्यासारखं. पण सांगाड्यात तीनच अक्षरं दिसतात आणि शेवटच्या अक्षरावर रफार आहे. ‘नंतर देणे’मध्ये रफार येतो कुठून? तो शब्द काय असावा हे आईला विचारलं, मावशीला विचारलं, दोघींनाही सांगता आलं नाही. म्हणून उताऱ्यात तिथं एवढंच आहे: [अस्पष्ट, ३ अक्षरं, शेवटच्यावर रफार, डाव्या समासात पाचव्या ओळीसमोर].